तोडू नका, पण नेमकं कुठे कापायचं ते लिहून द्या

प्रति,
मा. उद्यान विभागप्रमुख आणि वृक्ष अधिकारी,
आमची महानगरपालिका

विषय : सोसायटीच्या फाटकाजवळील धोकादायक पर्जन्यवृक्षाच्या एका खोडाचा भार कमी करण्यास परवानगी मिळणेबाबत

१० फेब्रुवारी



आमच्या सोसायटीचा अर्ज आजच आपल्या क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक खिडकीवर दिला. ठरावाची प्रत, जागेचा नकाशा, झाडाचे चार बाजूंनी काढलेले फोटो असं सगळं त्याला जोडलं आहे. पण अर्जाच्या छापील नमुन्यात ‘कारण’ या शब्दापुढे दीड ओळीची जागा असते आणि मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावत नाही. शिवाय आमच्या झाडाचं जे झालं तेच शहरातल्या शेकडो झाडांचं झालेलं मी रोज येता-जाता पाहते. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. अठ्ठावीस वर्षं मी कृषी महाविद्यालयात उद्यानविद्या शिकवली. झाडावरच्या प्रेमापोटी धोका लपवावा, असं मला कधीच वाटलं नाही. हे झाड धोकादायक आहे, हे मी सुरुवातीलाच मान्य करते.

झाड पर्जन्यवृक्षाचं आहे. आमच्याकडे सगळे त्याला रेन ट्रीच म्हणतात. १९७१ मध्ये, सोसायटीच्या पहिल्या दोन इमारती उभ्या राहिल्या तेव्हा ते लावलं गेलं, म्हणजे आज त्याचं वय पंचावन्न आहे. छातीच्या उंचीला, जमिनीपासून साडेचार फुटांवर, घेर ३ मीटर १४ सेंटिमीटर भरतो. अडीच मीटरवर त्याची दोन खोडं होतात. एक सोसायटीच्या अंगणाकडे गेलं आहे, दुसरं रस्त्याकडे झुकलं आहे. या दुसऱ्या खोडाखाली आमचं फाटक आहे आणि फाटकाला लागून बालवाडी. सकाळी नऊला आणि दुपारी बाराला साठेक मुलं आणि त्यांना आणणारी-नेणारी माणसं बरोबर त्या खोडाखाली उभी असतात, कारण रस्त्यावर सावली तेवढीच आहे.

गेल्या जूनमध्ये, रात्री दोनच्या सुमाराला, वाऱ्याच्या एका झोताबरोबर त्या खोडावरची मांडीएवढी जाड फांदी कोसळली. खाली एक स्कूटर होती, तिचा चुराडा झाला. माणूस कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोसायटीची तातडीची सभा झाली आणि झाड मुळापासून काढावं, असं जवळजवळ सगळ्यांचं मत पडलं. बालवाडीत मुलगी असलेल्या एका आईने त्या सभेत विचारलं, “मावशी, तुम्ही सांगाल की झाड चांगलं आहे. पण माझी मुलगी तिथे असताना पडणार नाही, हे लिहून द्याल का?” तसं मी लिहून देऊ शकत नव्हते आणि आजही देऊ शकत नाही. पण तिच्या प्रश्नाने मला ती पडलेली फांदी नीट बघायला लावलं.

आपल्या माणसांनाही ती दाखवायची होती म्हणून तिचं बूड मी जपून ठेवलं आहे. फांदी मधोमध मोडलेली नाही. ती खोडापासून अख्खी निघून आली आहे, दारावरची खुंटी उपटून यावी तशी. जिथे ती चिकटली होती तिथे खोडाचं आतलं लाकूड तिच्यात शिरलेलंच नाही, बाहेरचा बोटभर थर तेवढा दोघांत जोडलेला आहे. आणि खोडावर, ती जिथून निघाली त्या जागी, लाकूड तपकिरी, भुसभुशीत झालं आहे, अंगठ्याने दाबलं तर दबतं. अशी फांदी झाडाला सहसा आपसूक येत नाही. ती बहुधा माणसाने आणलेली असते.

ती कशी आणली, ते सांगते. २०१८ मध्ये सोसायटीने याच झाडाच्या छाटणीची परवानगी मागितली होती आणि ती मिळाली. ते पत्र आमच्या फाइलला आहे. त्यात एवढंच म्हटलं आहे की धोकादायक फांद्यांची छाटणी करण्यास हरकत नाही. किती छाटायचं, कोणत्या फांद्या, कुठल्या जागी, याचा एक शब्द नाही. मग सोसायटीने एक ठेकेदार गाठला. त्याने पैसे फारच थोडे मागितले, कारण व्यवहार असा ठरला की निघेल ते लाकूड त्याचं. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पानांच्या बारीक डहाळ्यांना बाजारात भाव नसतो, भाव असतो जाड ओंडक्याला. त्यामुळे त्याच्या माणसांनी रस्त्याकडचं खोड सहा मीटरवर, मधोमध, आडवं कापून टाकलं. वरची सगळी छत्री एका दिवसात टेम्पोत भरून गेली. लोक म्हणाले, झाड मोकळं झालं, उजेड आला.

पानं गेली की झाड उपाशी पडतं. मग ते सालीखाली झोपलेले डोळे जागे करून एकदम फुटवे काढतं. कापलेल्या टोकाच्या कडेने असे सात फुटवे आले, केरसुणीसारखे सरळ वर गेले आणि सात-आठ वर्षांत आठ मीटर लांब झाले. साध्या फांदीच्या बुडाशी खोडाचं लाकूड आणि फांदीचं लाकूड वर्षानुवर्षं एकमेकांवर थर चढवत जातं, म्हणून तिची पकड खोलवर असते. या फुटव्यांना ती पकड नसते, ते फक्त बाहेरच्या थरावर उभे असतात. आणि ज्या आडव्या कापावर ते उभे आहेत, तो काप इतका रुंद होता की झाडाला तो बुजवता आला नाही. पावसाचं पाणी साचत गेलं, बुरशी शिरली, लाकूड आतून कुजत गेलं. वर वजन वाढत होतं आणि खाली पाया सडत होता. गेल्या जूनमध्ये पहिला फुटवा पडला. सहा अजून उभे आहेत.

मोठी जखम झाली म्हणून माणसाच्या कातडीसारखं झाडाचं लाकूड भरून येत नाही. अमेरिकेतल्या वनविभागात काम केलेले वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. कुजलेला भाग झाड दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंत घालून त्याला कोंडतं आणि पुढचं नवं लाकूड भिंतीच्या बाहेर वाढवतं. काप लहान आणि योग्य जागी असेल तर ही भिंत टिकते. योग्य जागा म्हणजे फांदीच्या बुडाशी असलेली ती किंचित फुगलेली, सुरकुतलेली कड. बागेतली जाणती माणसं तिला कॉलर म्हणतात. कॉलरच्या जरा बाहेर कापलं तर चारही बाजूंनी गोल कड चढत येते आणि काही वर्षांत काप झाकला जातो. कॉलर खरवडून खोडाला सपाट कापलं तर ती भिंत घालणारा भागच गेला. आणि खोडच मधोमध आडवं कापलं तर तिथे कॉलर नसतेच. कापावर गेरू, डांबर किंवा रंग फासण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने आतली कूज थांबत नाही, उलट ओल आत अडकते. गेल्या वेळी आमच्या झाडालाही डांबर फासलं होतं, त्याचे काळे ओघळ अजून दिसतात.

आता धोका नक्की कुठे आहे, ते मी पाहिलं तसं सांगते. आपल्या अधिकाऱ्यांनी ते तपासून पाहावं, चूक असेल तर दाखवावी.

पहिला प्रश्न मुळांचा, कारण झाड मुळासकट उलथून पडलं तर फांद्या छाटून काही उपयोग नसतो. झाड झुकलेलं दिसतं म्हणून लोक घाबरतात, पण झुकण्याचे दोन प्रकार असतात. लहानपणापासून प्रकाशाकडे वळलेलं झाड वर जाताना स्वतःला सावरतं, त्याचं खोड कमानीसारखं असतं. नुकतं कलंडलेलं झाड मात्र बुडापासून शेंड्यापर्यंत सरळच्या सरळ तिरकं असतं, आणि झुकलेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाला जमीन उचललेली किंवा फरशीला चंद्रकोरीसारखी भेग पडलेली असते. दोन वर्षांपूर्वी गटाराच्या कामासाठी झाडापासून दोन मीटरवर चर खणला होता, म्हणून मला या बाजूची काळजी होती. पावसाळाभर मी अंगणाच्या बाजूच्या फरशीवर खडूने खुणा करून ठेवल्या. एकही सांधा रुंदावला नाही. वादळी रात्री बुडावर हात ठेवून पाहिलं, जमीन हलत नव्हती. खोडाच्या बुडाला कानासारखी कडक बुरशी कुठेही आलेली नाही. मुळं किती तुटली ते जमिनीवरून दिसत नाही हे खरं, पण उलथण्याची जी चिन्हं असतात त्यांपैकी एकही इथे नाही.

दुसरा प्रश्न दोन खोडांच्या बेचक्याचा. बेचकं इंग्रजी यू अक्षरासारखं रुंद असेल तर मजबूत असतं. आमचं व्ही सारखं अरुंद आहे. अशा बेचक्यात दोन्ही खोडं जाड होत जातात तशी मधली साल आत दाबली जाते, लाकडाला लाकूड मिळतच नाही आणि दोन खोडं नुसती खांद्याला खांदा लावून उभी राहतात. आमच्या झाडाने त्या बेचक्याखाली दोन्ही बाजूंना जाड उंचवटे काढले आहेत. म्हणजे तिथे ताण येतो आहे आणि झाड तिथे जास्त लाकूड घालून तो पेलतं आहे. तिथे ताजी भेग असती, आतलं फिकट लाकूड दिसत असतं किंवा काळं पाणी गळत असतं, तर मी आज तोडण्याची परवानगी मागितली असती. पूर्वी कुणीतरी या दोन खोडांना लोखंडी तार करकचून बांधली होती, ती आता सालीत रुतली आहे. तीही काढायला हवी. रुतलेला भाग ओढून न काढता दिसणारा भाग कापून टाकावा, नाहीतर साल फाटते.

तिसरा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न ढोलीचा आहे. रस्त्याकडच्या खोडाच्या बुडाशी, बेचक्याच्या हातभर वर, एका जुन्या कापाची ढोली झाली आहे. तिथे त्या खोडाचा घेर १५७ सेंटिमीटर आहे, म्हणजे आरपार जाडी ५० आणि मध्यापासून कडेपर्यंत २५ सेंटिमीटर. ढोलीतून घातलेली पातळ सळई ३० सेंटिमीटर आत जाते. समोरच्या बाजूला २० सेंटिमीटर लाकूड शिल्लक आहे असा त्याचा अर्थ, पण डाव्या-उजव्या बाजूचं काय ते सळई सांगत नाही. लाकडी हातोडीने ठोकत गेलं तर समोरून भरीव, ठणठणीत आवाज येतो आणि ढोलीच्या डाव्या बाजूला वीतभर पट्ट्यात तो पोकळ, ढप्प होतो.

पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड, असं नसतं. पाइप आतून पोकळ असूनही भार घेतो तसंच हे. जगभरातले झाडांचे जाणकार एक ढोबळ हिशेब वापरतात : चारही बाजूंनी शिल्लक असलेल्या भरीव लाकडाची जाडी त्रिज्येच्या तीन दशांशांहून कमी झाली की सावध व्हायचं. आमच्या खोडाची त्रिज्या २५, म्हणजे साडेसात सेंटिमीटर. पण हा हिशेब बंद पाइपचा आहे. आमच्या पाइपला एका बाजूने तोंड आहे, आणि तोंड असलेला पाइप वाकवला की लवकर चिरतो, म्हणून मी त्या साडेसातवर समाधान मानणार नाही. माझी विनंती अशी की पाहणीच्या वेळी ढोलीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, अशा तीन ठिकाणी बारीक गिरमिटाने लाकूड तपासावं. सुईसारखं गिरमिट आत सोडून लाकडाचा विरोध कागदावर उतरवणारं यंत्र विभागाकडे असेल तर फारच चांगलं. नसेल तर साध्या पातळ गिरमिटानेही काम भागतं : भुसा कोरडा येतो तोवर लाकूड चांगलं, तो ओला आला आणि गिरमिट एकदम आत सरकलं की पोकळी. तीनपैकी एकाही ठिकाणी दहा सेंटिमीटरपेक्षा कमी चांगलं लाकूड निघालं, तर रस्त्याकडचं अख्खं खोड बेचक्यापासून काढावं. तसं लेखी मत मी सोसायटीला आधीच दिलं आहे आणि त्या आईलाही हेच सांगितलं आहे. ढोलीत पोपट किंवा पिंगळ्याचं घरटं नाही ना, हे गिरमिट लावण्याआधी पाहावं लागेल. गेला महिनाभर मी संध्याकाळी लक्ष ठेवून आहे, अजून तरी कोणी राहायला आलेलं नाही.

लाकूड पुरेसं निघालं तर काय करायचं, ते आता सांगते, आणि हेच परवानगीपत्रात जसंच्या तसं यावं असं मला वाटतं.

उभ्या असलेल्या सहा फुटव्यांपैकी दोन कुजलेल्या काठावरच उभे आहेत. ते बुडापासून काढावेत. उरलेल्या चारांची लांबी साधारण एक तृतीयांश कमी करावी, पण पुन्हा आडवी मुंडी छाटून नव्हे. प्रत्येक फुटव्यावर कापाच्या जागी एक बाजूची फांदी असावी, तिची जाडी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक तृतीयांश असावी आणि काप तिच्या लगत घ्यावा. म्हणजे रस ओढायला पुढे पानं राहतात आणि पुन्हा केरसुणी फुटत नाही. अंगणाकडच्या खोडावर वाळलेल्या फांद्या सोडून काहीही कापू नये. सगळं मिळून झाडाची एक चतुर्थांशाहून जास्त पानं जाऊ नयेत. मनगटाहून जाड प्रत्येक फांदी तीन कापांत काढावी : पहिला काप बुडापासून फूटभर पुढे, खालून, पाव जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, म्हणजे फांदी सुटते पण साल ओरबाडत खाली येत नाही. तिसरा उरलेल्या खुंटाचा, कॉलरच्या बाहेर. कोयता चालवू नये, करवत चालवावी. कापांवर काही फासू नये.

टोकाकडून का कापायचं आणि आतून का नाही, हा प्रश्न सभेतही आला होता, कारण आतल्या फांद्या छाटून झाड ‘विरळ’ करणं स्वस्त पडतं, शिडीवरून हात पोचतो. तिथे मी पहारीचं उदाहरण दिलं. बेचक्यापासून दीड मीटरवर ४० किलोची फांदी असेल तर ती बुडाला दीड गुणिले ४०, म्हणजे ६० इतका पीळ देते. तेवढ्याच वजनाचा पानांचा झुबका सहा मीटरवर असेल तर पीळ २४०. वाराही तिथेच जास्त लागतो. आतल्या फांद्या काढल्या की आपण ६० कमी करतो आणि २४० तसाच टोकाला झुलत ठेवतो, वर मधल्या पानांमुळे झोका जो मंदावत होता तोही मंदावेनासा होतो. टोकाला पोचायचं तर हायड्रॉलिक शिडीची गाडी लागते किंवा दोराने चढणारा कसबी माणूस लागतो, आणि तो खर्च सोसायटी करणार आहे. ठराव तसा झाला आहे : ठेकेदाराला रोजंदारी आणि गाडीचं भाडं पूर्ण द्यायचं, लाकूड त्याला द्यायचं नाही. निघालेलं लाकूड मोजून सोसायटीच्या आवारात ठेवू आणि विभाग सांगेल तिथे पोचवू. ही एकच अट शहरातल्या सगळ्या परवानग्यांमध्ये घातली गेली तर किती खोडं वाचतील, याचा विचार आपण करावा अशी कळकळीची विनंती आहे.

कायद्याबद्दल थोडं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये झाड तोडणे या शब्दांत झाड जाळणे, कापणे आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येतं. म्हणून आम्ही छाटणीसाठीही अर्ज केला आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची अट घातली. आमचं झाड मुळापासून तोडलं तर पंचावन्न रोपं लावावी लागतील, आणि आमच्या आवारात पाच रोपांनाही जागा नाही.

त्याच कायद्यानुसार अर्जावर साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. सोसायटीतले काहीजण म्हणतात, मग वाट बघू. मला ती परवानगी नको आहे. उत्तर न येता मिळालेल्या परवानगीत अट नसते, पाहणी नसते, कुठे कापायचं हे कोणी लिहिलेलं नसतं. २०१८ च्या एका ओळीपेक्षाही ती कोरी असते, आणि त्या एका ओळीने काय केलं ते वर लिहिलंच आहे.

दिवसांचा हिशेबही मांडते. आजपासून साठ दिवस म्हणजे ११ एप्रिल. परवानगी दिल्यावर लगेच झाडाला हात लावता येत नाही, पंधरा दिवस थांबावं लागतं, म्हणजे २६ एप्रिल. झाडावर नोटीस लावणं, वर्तमानपत्रात जाहीर करणं, हरकती ऐकणं हे सगळं त्याआधी व्हायला हवं. मे महिन्यात या झाडावर कावळे घरटी घालतात, आणि पहिल्या पावसाबरोबर रातबगळे येतात. गेल्या वर्षी वरच्या छत्रीत त्यांची अकरा घरटी मी मोजली. घरटी आणि अंडी मोडणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी पिल्लं खाली पडलेली मला पाहवली नसती. म्हणजे कामाला मिळतो तो एप्रिलचा शेवटचा आठवडा आणि फार तर मेचे पहिले चार दिवस, तेही वर चढून घरटी पाहिल्यानंतर. त्या वेळी बालवाडीला सुट्टी असते. पाहणी मार्चमध्ये झाली तर हे सगळं बसतं. पाहणी मेमध्ये झाली तर आपल्याला जूनच्या वाऱ्यात, घाईघाईने, घरट्यांसकट कापावं लागेल किंवा तसंच सोडावं लागेल, आणि दोन्ही मला मान्य नाही.

आणखी एक छोटी मागणी आहे. झाडाच्या बुडाला पदपथाचे पेव्हर ब्लॉक अगदी सालीला टेकवून बसवले आहेत. दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आमच्या झाडाभोवती तेवढी जागा मोकळी करण्याची परवानगी द्यावी, ब्लॉक आम्ही स्वतः हातांनी काढू, यंत्र लावणार नाही, कारण बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. गटाराच्या चरात ज्या मुळांची टोकं तुटली, त्यांना नवी मुळं फुटायची असतील तर हवा आणि पाणी तिथूनच आत जायला हवं. ब्लॉकवर बसून भाजी विकणाऱ्या मावशींशी बोलणं झालं आहे, त्या फाटकाच्या दुसऱ्या बाजूला बसायला तयार आहेत.

या कामानंतरही हे झाड कायमचं निर्धोक होणार नाही. चार फुटवे पुन्हा लांबतील, ढोली पुन्हा थोडी खोल होईल. म्हणून परवानगीत तीन वर्षांनी पुन्हा पाहणी करण्याची अट घालावी, आणि तोवर दर वर्षी पावसाळ्याआधी ढोलीची खोली, बेचक्यात भेग पडली आहे का ते आणि फरशीवरच्या खुणा यांची नोंद मी आणि सोसायटीचे दोघे सभासद मिळून करू. सळईवर मी सेंटिमीटरच्या खुणा कोरून घेतल्या आहेत, म्हणजे पुढे कोणीही मोजलं तरी एकाच मापाने मोजलं जाईल. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी फाटकाची ती बाजू दोरी लावून बंद ठेवायची आणि मुलांना मागच्या दाराने न्यायचं, हे बालवाडीच्या बाईंनी गेल्या जुलैपासूनच सुरू केलं आहे.

पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना एक विनंती, शक्यतो सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान यावं, म्हणजे मुलं आत असतात आणि झाडाखाली कोणी नसतं. शिडी, लाकडी हातोडी, सळई आणि २०१८ च्या परवानगीची प्रत सोसायटीच्या कार्यालयात काढून ठेवली आहे. पडलेल्या फांदीचं बूडही तिथेच आहे, ते आधी पाहावं आणि मग वर चढावं. वर तारा गेल्या आहेत, त्यामुळे कामाच्या दिवशी वीज बंद ठेवण्यासाठीचा अर्ज परवानगीचा क्रमांक मिळताच आम्ही देऊ.

आपली विश्वासू,
सोसायटीतील एक रहिवासी